फोटोतला पट्टा किती सांगतो?

प्रश्न: पट्ट्याची कड अगदी गुळगुळीत, चकचकीत आहे. म्हणजे चामडं अस्सल ना?

नाही. कडेच्या रंगाखाली काहीही दडवता येतं. भोकाच्या आतल्या भिंतीचा जवळून फोटो मागवा, तिथे सहसा रंग पोहोचलेला नसतो.

प्रश्न: लूप मागून पिनेनं जोडलाय, शिवलेला नाही. पट्टा नकली समजू का?

तेवढ्यावरून नाही. चांगल्या चामड्याच्या पट्ट्यांनाही कारखान्यात पिना मारतात. लूप शिवलेला हवा असेल तर कारागिराकडून शिवून घ्या.

प्रश्न: जुना पट्टा घेतोय. बकलवरचं नाव फोटोत चांगलं खोल दिसतं. विक्रेता म्हणतो, खोल म्हणजे अस्सल. पैसे पाठवू?

पाठवू नका. हे ऐकीव सूत्र माझ्याकडे सतत येतं, आणि त्यावर विसंबून लोक पैसे घालवतात. अक्षरांत काळा रंग भरला की उथळ खाचही खोल भासते. लेसरनं उमटवलेलं नाव तर बऱ्याचदा मुळातच काळपट असतं. समोरून फ्लॅश मारला तर खोली दाखवणारी सावलीच पुसली जाते, आणि विक्रेते नेमका तसाच फोटो पाठवतात.

खोली सावलीवरून वाचायची. बकल सपाट ठेवून शेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवायला सांगा. फ्लॅश बंद, आणि बाजूनं साधारण ४५ अंशांत टॉर्च. या कोनात अक्षराच्या उभ्या भिंतीची तळावर पडणारी सावली भिंतीच्या उंचीएवढीच असते. समजा, अक्षराची रेघ ०.६ मिमी रुंद आणि सावलीनं तिचा अर्धा तळ झाकलाय, तर खोली सुमारे ०.३ मिमी. आता टॉर्च समोरच्या बाजूला नेऊन दुसरा फोटो घ्यायचा. सावलीनं बाजू बदलली तर खाच खरी. काळेपणा जागचा हलला नाही, तर तो रंग किंवा जळकी खूण. हातानं कोरलेल्या तिरक्या भिंतींच्या खाचेला मात्र हा हिशेब लागू पडत नाही.

खाच खरी निघाली तरी अस्सलपणा सिद्ध होत नाही. ओतीव बकलमध्ये नाव साच्यातूनच खोल येऊ शकतं. अक्षरांचे कोपरे गोलसर आणि तळाशी बारीक खड्डे दिसले, तर ओतकामाचा संशय घ्या. दोन्ही फोटो आणि शक्यतो बकल हातात घेऊन जाणकाराला दाखवा, मगच व्यवहार करा. विक्रेता दुसरा फोटो द्यायला टाळाटाळ करत असेल तर तिथेच थांबा.

प्रश्न: 'न वापरलेला' म्हणून घेतलेल्या पट्ट्याचं मधलं भोक लांबट आहे. पंच चुकला असेल का?

लांबटपणा कुठल्या बाजूला आहे ते पाहा. पट्टा कमरेवर ताणला जातो तेव्हा बकलचा काटा भोकाच्या टोकाकडच्या भिंतीवर रेटतो, म्हणून वापरानं भोक पट्ट्याच्या टोकाच्या दिशेनं वाढतं. तसं असेल आणि त्याच ठिकाणी चामड्यावर बकलचा आडवा वळ दिसत असेल, तर पट्टा वापरलेला आहे. भोक आडवं, रुंदीच्या दिशेनं फाकलेलं असेल, तर पंच बोथट असावा किंवा हात हलला असावा. परतीची मुदत संपण्याआधी दोन्ही बाजूंचे फोटो घेऊन दुकानदाराला लेखी कळवा, आणि तोवर त्या भोकात काटा अडकवू नका.