‘पण’ खोडा, मग बाकीचं बघू

प्रश्न: आमच्या हॉटेलला गूगलवर एक स्टार देऊन वाट्टेल ते लिहिलंय. मालकांनी रागाच्या भरात उत्तर टाकलं, आता ते नीट करून लिहायचं काम माझ्याकडे आलंय. निम्मं तर खोटंच आहे. काय करू?

उत्तर: मालवणजवळ आमचं ११ खोल्यांचं छोटं हॉटेल आहे. काउंटर मी बघते, बाकी सगळं माझे मोठे दीर. त्यांना आम्ही दादाच म्हणतो. दोन वर्षांपूर्वी ख्रिसमसच्या गर्दीत पुण्याच्या एक बाई दोन रात्री राहून गेल्या आणि घरी पोचल्यावर त्यांनी लिहिलं, की दोन्ही दिवस गरम पाण्याचा पत्ता नव्हता, फोटोत समुद्र आणि खोलीतून दिसतात माड, सुरमई थाळी बोर्डावर ४५० आणि बिलात ५५०, काउंटरवरचा माणूस उद्धट.

दादांनी जेवता जेवता मोबाइलवर उत्तर ठोकलं. मला ते पाठ आहे:

“मॅडम, लाइट जाणे आमच्या हातात नाही. कोकणात यायचे तर एवढे माहीत असावे. माशाचा भाव रोज बदलतो. आपण १०४ नंबरमध्ये दोनऐवजी चार माणसे ठेवलीत तेव्हा आम्ही काही बोललो नाही. आपल्यासारख्या सुशिक्षित लोकांकडून ही अपेक्षा नव्हती. गैरसोयीबद्दल क्षमस्व.”

आठ दिवसांनी नाशिकहून एकांचा फोन आला. खोली हवी होती त्यांना. बोलता बोलता विचारलं, “आम्ही तिघं आहोत. नंतर नेटवर लिहिणार नाही ना?” त्यांनी त्या बाईंची तक्रार वाचली होती, तरी घाबरले होते ते आमच्या उत्तराला. दादांना हे सांगितलं तर म्हणाले, असली गिऱ्हाइकं नकोच.

मी ते उत्तर बदलायला घेतलं, पण आधी लिहायला बसले नाही. तीन वह्या काढल्या: जनरेटरची, काउंटरची आणि बिलांची. तुम्हीही हेच करा, कारण “निम्मं खोटं आहे” हे तुम्हाला कुणीतरी सांगितलेलं असतं, वहीत बघितलेलं नसतं. जनरेटरच्या वहीत २७ डिसेंबरला सकाळी ६.१५ ते ८.४५ अशी नोंद होती. म्हणजे गरम पाणी एकाच सकाळी नव्हतं, दोन्ही दिवस नाही. दादा लगेच म्हणाले, बघ, खोटं बोलली. मी काउंटरची वही पुढे केली. १०४ मधून ६.४० ला फोन, ७.२० ला परत फोन, आणि दोन्ही वेळा आमच्या पोऱ्याने सांगितलेलं, “दहा मिनिटांत येईल.” कुठून येणार? आमचा जनरेटर १५ केव्हीएचा. एक गीझर दोन किलोवॅट खातो, अकरा मिळून बावीस होतात. त्यामुळे गीझर जनरेटरच्या लाइनवर घेतलेलेच नाहीत. हे त्या पोऱ्याला माहीत होतं, दादांना माहीत होतं, फक्त थंड पाण्यासमोर उभ्या असलेल्या बाईंना माहीत नव्हतं. त्यांचा राग लाइटवर नव्हता, त्या ‘दहा मिनिटां’वर होता. बोर्डावरचा दर दिवाळीपासून पुसलेला नव्हता, तेही खरं निघालं.

उरली समुद्राची गोष्ट. तिथे त्या चुकल्या होत्या. बुकिंगच्या मेसेजमध्ये “बागेकडची खोली” असं स्पष्ट लिहिलेलं होतं. दादांना तो मेसेजच फोटो काढून तिथे चिकटवायचा होता. मी नाही म्हटलं. पाहुण्याशी झालेलं बोलणं, खोलीचा नंबर, किती माणसं आली होती, यातलं काहीही चारचौघांत टाकायचं नाही, आपण बरोबर असलो तरी. नाशिकच्या त्या फोनने मला हेच शिकवलं होतं.

मग लिहायला घेतलं. पहिलं काम म्हणजे ‘पण’ खोडणं. “माफ करा, पण लाइट आमच्या हातात नाही” यातली माफी ‘पण’ येताच पुसली जाते. कारण सांगायचंच असेल तर ते वेगळ्या वाक्यात घडलेली गोष्ट म्हणून सांगा आणि माफी त्यानंतर मागा. ‘आपल्यासारख्या सुशिक्षित’ हा टोमणा आहे, जाऊ द्या तो. ‘गैरसोयीबद्दल क्षमस्व’ ही रस्ता खोदल्यावर लावायची पाटी आहे, कुणी कुणाला तोंडाने असं म्हणत नाही. “तुम्हाला तसं वाटलं असेल तर” हेही नको, त्यात चूक वाटणाऱ्याची होते. शेवटी हे टाकलं:

“नमस्कार. २७ डिसेंबरला सकाळी सव्वासहा ते पावणेनऊ लाइट नव्हती आणि तेवढा वेळ खोलीत गरम पाणी नव्हतं. आमचे गीझर जनरेटरवर चालत नाहीत. हे तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं, उलट आम्ही दोनदा ‘दहा मिनिटांत येईल’ असं सांगितलं. चूक आमची आहे, माफी मागतो. आता लाइट गेली की मागच्या पडवीत बंब पेटवतो आणि खोलीवर बादली पोचवतो. सुरमई थाळीचा बोर्डावरचा दर जुना राहिला होता. दोन थाळ्यांचे जास्तीचे २०० रुपये तुम्हाला परत द्यायचे आहेत, कृपया काउंटरवर फोन करा. समुद्र वरच्या मजल्यावरच्या चार खोल्यांतून दिसतो, तुमची खोली बागेकडची होती. फोटोखाली आता तसं लिहिलं आहे.”

‘दोन्ही दिवस’ हे खोडून काढलेलं नाही, हे लक्षात आलं? तारीख आणि वेळ दिली की वाचणाऱ्याला कळतं. “तुम्ही खोटं बोलताय” म्हणावं लागत नाही. उद्धटपणाबद्दल एक शब्दही लिहिला नाही, कारण त्या वेळी काउंटरवर कोण होतं ते मला ठाऊक आहे आणि ते हे उत्तर वाचतील.

बंबावरून आमच्यात जुंपली. “बंबाचं पाणी देतो असं जगाला सांगायचं? लाज वाटते,” असं दादांचं म्हणणं. माझं म्हणणं, तोच बंब आजी असताना पाहुण्यांना कौतुकाने दाखवायचात. शिवाय ते वाक्य मी बंब घासून, चार दिवस खरोखर पेटवून बघितल्यावरच लिहिलं. जे अजून केलेलं नाही ते ‘केलं आहे’ म्हणून लिहू नका, पुढचाच पाहुणा विचारतो.

बाईंनी स्टार वाढवला नाही. २०० रुपये मात्र घेतले, आणि घ्यायलाच हवे होते. दादांची कल्पना अशी होती, की पुढच्या वेळी २० टक्के सूट देतो, तेवढं लिहिलेलं काढून टाका, असं कळवू. वाईट लिहिलेलं काढण्यासाठी किंवा बदलण्यासाठी सूट देणं गूगलच्या नियमांत बसत नाही. जास्तीचे घेतलेले पैसे काही अट न घालता परत करणं वेगळं. आणि ‘रिपोर्ट’ करून ते उडेल या आशेवर राहू नका. शिवीगाळ, भलत्याच जागेबद्दलचा मजकूर असं काही असेल तर निघू शकतं, आपल्याला पटलं नाही म्हणून निघत नाही.

हे सगळं पाणी, बिल, खोली असल्या तक्रारींपुरतं. कुणी जेवणातून विषबाधा झाली, चोरी झाली किंवा छेडछाड झाली असं लिहिलं असेल तर माझं ऐकून चूक कबूल करत बसू नका. आधी माणसाशी फोनवर बोला, वकिलाला विचारा आणि मग दोन ओळी लिहा.

अजून एक. उत्तर ‘एडिट’ केलं की जुन्याच्या जागी नवं दिसतं, म्हणून बदलायच्या आधी जुन्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. मी ठेवलाय. दादा हल्ली पाहुण्यांना सांगतात, की ते उत्तर पहिल्यापासून असंच होतं.