ग्राफ 'अडलेला', पण किडनी ४६ टक्के: ऑपरेशन करायचं की थांबायचं?

प्रश्न: माझ्या पाच महिन्यांच्या मुलाला डाव्या बाजूला पीयूजे ऑब्स्ट्रक्शन, म्हणजे किडनीची पिशवी आणि मूत्रनळी जुळतात तिथे अडथळा, सांगितलंय. सोनोग्राफीत किडनीची पिशवी २४ मिमी. स्कॅनमध्ये डावी किडनी ४६ टक्के, पण खाली 'ऑब्स्ट्रक्टेड कर्व्ह, टी-हाफ मिळाला नाही' असं लिहिलंय. एक डॉक्टर म्हणतात लगेच ऑपरेशन, दुसरे म्हणतात थांबा. कुणाचं ऐकू? आम्ही सोलापूरचे.

उत्तर:

मी सोलापुरातच लहान मुलांचा सर्जन आहे, आणि हा रिपोर्ट हातात घेऊन आलेले आईबाप मला महिन्यातून एकदा तरी भेटतातच. तुमचं बाळ मी तपासलेलं नाही. पण तुम्ही दिलेल्या आकड्यांवर मी आज सुरी हातात घेतली नसती. का, ते सांगतो.

त्या रिपोर्टात दोन वेगळ्या गोष्टी एकाच कागदावर छापलेल्या असतात. किडनी किती काम करते ही एक, आणि तिच्यातलं पाणी किती लवकर खाली उतरतं ही दुसरी. ४६ टक्के हा पहिल्याचा आकडा आणि ग्राफ दुसऱ्याचा. आईबापांची नजर 'ऑब्स्ट्रक्टेड' या शब्दावर जाते. माझी आधी टक्क्यांवर जाते.

टक्के कसे काढतात ते समजून घ्या, म्हणजे त्यांच्यावर किती विश्वास टाकायचा ते कळेल. शिरेतून किंचित किरणोत्सारी औषध दिल्यावर पहिल्या दोनतीन मिनिटांत ते दोन्ही किडन्या रक्तातून ओढून घेतात. तेवढ्यात लघवी अजून पिशवीत उतरलेली नसते, म्हणून या मिनिटांतली मोजणी अडथळ्यापासून बऱ्यापैकी मोकळी असते. समजा त्या औषधाच्या किरणांच्या डाव्या किडनीवर ६० हजार मोजण्या आल्या आणि उजवीवर ६४ हजार. आजूबाजूच्या मांसातून, रक्तातून येणारे १२-१२ हजार वजा केले की डावी ४८ आणि उजवी ५२ हजार, म्हणजे ४८ आणि ५२ टक्के. आता टेक्निशियनने उजवीकडची वजाबाकीची पट्टी आखताना तिच्यात यकृताचा तुकडा आला आणि १२ च्या जागी १६ हजार वजा झाले, तर उजवीही ४८ हजार होते. डावी ४८ टक्क्यांची एकदम ५० टक्के झाली! किडनीत काहीच बदललेलं नाही, फक्त माऊस जरा सरकला. म्हणून ४८ वरून ४५ झाले म्हणून कुणी घाबरू नये, आणि ४५ वरून ४८ झाले म्हणून पेढेही वाटू नयेत.

साधारण ४५ ते ५५ टक्के बरोबरीचं समजतात. तुमच्या मुलाचे ४६ त्यात बसतात. अट एकच, दुसरी किडनी चांगली असायला हवी. दोन्ही बाजू सुजलेल्या असतील तर ५०-५० हा आकडा फसवतो, कारण दोघी मिळून घसरल्या तरी वाटणी तीच राहते. तुमची फक्त डावी बाजू आहे, म्हणून इथे आकडा कामाचा आहे.

आता ग्राफ. सोलापूरकराला हे समजावायला मला सोपं जातं, कारण आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही आणि घरोघरी टाक्या आहेत. एका तांब्यात थोडा रंग टाका आणि त्याच रंगाची चिमूट हजार लिटरच्या टाकीत टाका. दोन्हींखाली सारखीच तोटी लावा आणि वरून सारखंच पाणी सोडा. तांब्या मिनिटात निवळेल. टाकीचा रंग संध्याकाळपर्यंत दिसत राहील. तोटी तुंबलेली नाही, टाकी मोठी आहे. २४ मिमीची फुगलेली पिशवी म्हणजे ती टाकी. औषध तिच्यात फिरत राहतं, लघवी वाढवणारं लॅसिक्सचं इंजेक्शन दिलं तरी ग्राफ पटकन खाली येत नाही, आणि संगणक 'टी-हाफ मिळाला नाही' असं छापून मोकळा होतो. टी-हाफ म्हणजे अर्धं औषध निघून जायला लागलेली मिनिटं. दहाच्या आत आला तर रस्ता मोकळा आहे हे मी मानतो. वीसच्या वर गेला तर मात्र 'अडथळा असू शकतो' इतकंच.

त्यात भर घालणाऱ्या आणखी दोन गोष्टी. मूत्राशय भरलेलं असेल तर वरचं पाणी खाली उतरायला जागाच नसते. आणि बाळाच्या अंगात पाणी कमी असेल तर लॅसिक्स देऊनही लघवीचा जोर येत नाही. आपल्या भागातून स्कॅनला पुण्याला जायचं म्हणजे सकाळची हुतात्मा एक्सप्रेस पकडायची, बाळ अर्धवट दूध पिऊन झोपलेलं, वर एप्रिल-मे. तिथे सलाईन न लावता स्कॅन झाला तर ग्राफ चपटाच येणार. म्हणून तुमच्या रिपोर्टमध्ये एक गोष्ट शोधा: शेवटी बाळाला उभं खांद्यावर धरून, लघवी झाल्यावर, पुन्हा फोटो घेतला होता का? त्या फोटोत पिशवी निम्म्याहून जास्त रिकामी झाली असेल तर वरच्या 'ऑब्स्ट्रक्टेड' ला फारशी किंमत नाही. आडव्या झोपलेल्या बाळाचा वीस मिनिटांचा ग्राफ हा अर्धाच स्कॅन आहे, असं माझं स्पष्ट मत. तो उशिराचा फोटो न घेता रिपोर्ट हातात देणाऱ्यांचा मला राग येतो, आणि असे रिपोर्ट मी खूप पाहिलेत.

एक उदाहरण सांगतो, ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलून. अक्कलकोट तालुक्यातलं जोडपं, मुलगा. पोटात असतानाच डाव्या किडनीत पाणी दिसलं होतं. जन्मानंतर आठव्या दिवशी सोनोग्राफीत पिशवी १९ मिमी. (पहिल्या दोन दिवसांत करून उपयोग नसतो. बाळाला लघवीच कमी होत असते, सूज खोटी लहान दिसते.) सहा आठवडे पूर्ण झाल्यावर स्कॅन केला, कारण त्याआधी किडन्या कच्च्या असतात आणि आकडे भरवशाचे येत नाहीत. डावी ४८ टक्के, ग्राफ वर चढून तिथेच थांबलेला, टी-हाफ नाही, उशिराचा फोटो घेतलेलाच नाही. आजी म्हणाली, "साहेब, कागदावर अडलंय म्हणून लिहिलंय, मग कापून टाका की एकदाचं!" मी म्हटलं, "आजी, कागद ग्राफचा आहे, किडनी अजून ४८ आहे. थांबू."

तीन महिन्यांचा झाल्यावर सोनोग्राफीत २१ मिमी. किडनीचं मांस जाड, ठीक. सहा महिन्यांचा झाला तेव्हा २८ मिमी, आतले सगळे कप्पे गोल फुगलेले, बाहेरचं मांस पहिल्यापेक्षा पातळ. आता मात्र स्कॅन पुन्हा मागवला. तेच सेंटर, तेच औषध, या वेळी सलाईन लावून आणि लॅसिक्स वजनाच्या हिशोबाने, किलोला एक मिलिग्रॅम. वजाबाकी करून डावीकडे ३९ हजार मोजण्या, उजवीकडे ६१ हजार. म्हणजे ३९ टक्के.

गंमत पाहा, दोन्ही ग्राफ शेजारी ठेवले तर ओळखू येणार नाही कोणता पहिला आणि कोणता दुसरा. ४८ टक्के असतानाही चपटा, ३९ असतानाही चपटा. बदलला तो वाटणीचा आकडा. आणि ९ टक्क्यांची घसरण माऊस सरकल्याने होत नाही, विशेषतः सोनोग्राफीही त्याच दिशेला बोट दाखवत असताना. उभं धरून घेतलेल्या फोटोतही औषध जवळपास तसंच अडकलेलं. आता थांबण्यात अर्थ नव्हता.

किती टक्के घसरल्यावर ऑपरेशन, यावर डॉक्टरांत एकमत नाही. काही जण ५ टक्के धरतात, काही १०. ४० च्या खाली गेलेली किडनी मात्र बहुतेक जण ऑपरेशनला घेतात. मी ५ टक्क्यांवर एकट्याने निर्णय घेत नाही, सोनोग्राफीची साक्ष लागते. ताप येऊन लघवीत जंतू सापडत असतील, किंवा मोठं मूल कमरेत कळ येऊन ओकाऱ्या करत असेल, तर आकडे चांगले असले तरी माझा कल ऑपरेशनकडे जातो. तुमच्या दोन डॉक्टरांत बहुधा या रेषांचाच फरक आहे. कुणी तुम्हाला फसवत नाही.

ऑपरेशनला पायलोप्लास्टी म्हणतात. पिशवी आणि मूत्रनळी जिथे जुळतात तो आकसलेला तुकडा काढून टाकायचा, नळीचं तोंड उभं चिरून रुंद करायचं आणि बारीक टाक्यांनी पुन्हा पिशवीला जोडायचं. जोड भरून येईपर्यंत आत एक पातळ नळी ठेवतात, डीजे स्टेंट. ती साधारण सहा आठवड्यांनी दुर्बिणीतून काढावी लागते आणि त्यासाठी छोट्या बाळाला पुन्हा भूल द्यावी लागते. हे आधीच सांगतो, नाहीतर लोकांना वाटतं दुसरं ऑपरेशन निघालं. अनुभवी हातात नव्वद टक्क्यांहून जास्त मुलांचं काम एकदाच होतं.

त्या अक्कलकोटच्या मुलाचंही झालं.

तुमच्यासाठी मी काय केलं असतं? सहा ते आठ आठवड्यांनी त्याच सोनोग्राफीवाल्याकडे पिशवीची मापं, मूत्राशय रिकामं असताना. ती वाढत असतील तर लगेच, आणि तशीच असतील तर तीनचार महिन्यांनी पुन्हा स्कॅन. त्याच सेंटरला, त्याच औषधाने. एकदा ईसी या औषधाने आणि पुढच्या वेळी डीटीपीए या दुसऱ्या औषधाने स्कॅन असं केलं तर दोन आकडे शेजारी ठेवून काय कळणार? जाताना बाळाला नीट दूध पाजून न्या, सलाईन लावायला सांगा, आणि उशिराचा फोटो घेतल्याशिवाय टेबलावरून उठू नका. मधल्या काळात अंगात ताप आला आणि सर्दी-खोकल्याचं काही दिसत नसेल, तर पॅरासिटामॉलवर दोन दिवस काढू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा आणि अँटिबायोटिक सुरू होण्याआधी लघवीचं कल्चर द्या.

आणि थांबायचं ठरवलं तर तारखा पाळा. सोनोग्राफी चुकवून थांबणं म्हणजे थांबणं नव्हे. माझ्याकडे वर्षभर न फिरकलेलं एक पोर आलं तेव्हा त्याची बाजू २२ टक्क्यांवर होती. त्यानंतर पायलोप्लास्टी करून घसरण थांबली, पण गेलेलं फारसं परत आलं नाही.

अक्कलकोटच्या मुलाच्या वडिलांचा ऑपरेशननंतर पाचव्या महिन्यात घाबरून फोन आला होता: "डॉक्टर, स्कॅनमध्ये परत ऑब्स्ट्रक्टेड लिहून आलंय." रिपोर्ट मागवून पाहिला. डावी ४३ टक्के, पिशवी २८ वरून १४ मिमी, उभं धरल्यावरच्या फोटोत जवळपास रिकामी. ग्राफ मात्र अजून आळशीच होता.