प्रायमरी करंट ४.२९ की ३.२?

प्रश्न: आयडियल ट्रान्सफॉर्मर, टर्न रेशो ५:१. सोर्स २४० V. सोर्स आणि प्रायमरीच्या मध्ये लाइनचा इम्पिडन्स 10 + j20 Ω, सेकंडरीवर लोड 2 + j1 Ω. मी २४० ला ५ ने भागून सेकंडरीचे ४८ V घेतले, करंट २१.४७ A आला, तो ५ ने भागून प्रायमरी ४.२९ A. पुस्तकात उत्तर ३.२ A आहे. मित्राचं ७.५ येतंय. नक्की चुकतंय कुठं?

उत्तर: तुमची शेवटची पायरी बरोबर आहे, पहिली चुकली. प्रायमरीवर २४० व्होल्ट येतातच कुठं? मध्ये लाइन बसलीय. करंट वाहायला लागला की काही व्होल्टेज लाइनमध्येच पडतं. ट्रान्सफॉर्मर भागतो ते स्वतःच्या टोकांवरचं व्होल्टेज, त्याला सोर्सचं काही माहीत नसतं. तुमचे ४८ व्होल्ट खोटे नाहीत, पण ते लोड सोडवून ठेवल्यावर मिळतात.

आमच्या गावाकडं मोटरीची पेटी बांधावर आणि विहीर पार खाली, मध्ये लांबलचक केबल. मोटर बंद असताना विहिरीपाशी मीटर लावला तर पेटीवर जेवढे तेवढेच व्होल्ट दिसतात. मोटर चालू केली की तिथला बल्ब लगेच मलूल होतो. तुम्ही बंद मोटरीचं व्होल्टेज घेऊन चालू मोटरीचा करंट काढलात, एवढंच झालंय.

आता अडचण अशी की लाइनमध्ये किती व्होल्टेज पडतं हे करंटवर अवलंबून, आणि करंट उरलेल्या व्होल्टेजवर. या फेऱ्यातून सुटायला लोड प्रायमरीकडं आणतात. सेकंडरीचं सगळं झाकून ठेवा आणि प्रायमरीच्या दोन टोकांत बघा. लाइनला तिथं ट्रान्सफॉर्मर दिसत नाही, नुसता एक इम्पिडन्स दिसतो. किती? प्रायमरीचं व्होल्टेज सेकंडरीच्या पाचपट, करंट पाचवा भाग. इम्पिडन्स म्हणजे व्होल्टेज भागिले करंट. वरचा आकडा पाचपट झाला, खालचा पाचवा भाग झाला, म्हणून भागाकार पंचवीसपट. तुमच्या मित्रानं एकदाच पाचाने गुणलंय: व्होल्टेज वाढतं हे धरलं, करंट घटतो हे विसरला. म्हणून त्याचं लोड फारच हलकं ओहमचं झालं आणि करंट ७.५ पर्यंत गेला.

```
V1/I1 = (5·V2)/(I2/5) = 25·(V2/I2)
25·(2 + j1) = 50 + j25 Ω
(10 + j20) + (50 + j25) = 60 + j45 = 75∠36.87° Ω
I1 = 240/75 = 3.2∠−36.87° A
```

बेरीज करताना एक खड्डा आहे, त्यात मी स्वतः डिप्लोमाला असताना पडलोय. रोधात रोध आणि रिअॅक्टन्समध्ये रिअॅक्टन्स मिळवायचा. दोन्हीचे नुसते आकार काढून, म्हणजे २२.३६ आणि ५५.९०, मिळवले तर ७८.२६ येतात आणि करंट ३.०७. हे उत्तर खऱ्याच्या इतकं जवळ आहे की चूक झाल्याचं कळतच नाही. ही सरळ बेरीज दोन्ही इम्पिडन्सचा कोन एकच असेल तरच चालते. इथं लोडचा कोन २६.५७ अंश आणि लाइनचा ६३.४३ आहे.

आता परत सेकंडरीवर जाऊ. करंट ३.२ गुणिले ५, म्हणजे १६ अँपिअर. लोडच्या इम्पिडन्सचा आकार २.२३६ ओहम, म्हणून सेकंडरीचं व्होल्टेज ३५.७८. म्हणजे रिकामं असताना ४८ आणि लोडवर पावणेछत्तीसच्या आसपास. पडताळा पॉवरने घ्या, त्यात लबाडी चालत नाही. लोडच्या २ ओहमच्या रोधात १६ चा वर्ग गुणिले २ म्हणजे ५१२ वॅट. प्रायमरीकडं आणलेल्या ५० ओहममध्ये ३.२ चा वर्ग गुणिले ५०, तेही ५१२. लाइनच्या १० ओहममध्ये १०२.४ वॅट जातात. सोर्सकडून येणारी पॉवर २४० गुणिले ३.२ गुणिले ०.८, म्हणजे ६१४.४. दोन्ही बाजू जुळल्या. तुमच्या ४.२९ वर हाच हिशोब करून बघा: लाइनमध्ये काहीच जात नाही असं धरलं तरच तो जुळतो.

परीक्षेत कधीकधी सेकंडरीचाच आकडा दिलेला असतो, लोडवर ३५.७८ व्होल्ट किंवा १६ अँपिअर. मग पंचवीसच्या वाटेला जायचंच नाही. व्होल्टेज दिलं असेल तर २.२३६ ने भागा, करंट दिला असेल तर तेवढंही नको. शेवटी पाचाने भागा. लाइनचा इम्पिडन्स पेपरात लिहिलेला असला तरी इथं त्याचं काम नाही, कारण त्याचा परिणाम त्या मोजलेल्या आकड्यात आधीच उतरलेला असतो. पोरं इथंही तो कुठंतरी घुसडतातच.

डॉटचं थोडक्यात सांगतो. एका डॉटमधून करंट आत आणि दुसऱ्या डॉटमधून बाहेर असा बाण काढला असेल तर वरचं सगळं जसंच्या तसं. दोन्ही बाण डॉटमध्ये शिरताना दाखवले असतील तर प्रायमरी करंट म्हणजे सेकंडरीच्या करंटचा पाचवा भाग, पण उणे चिन्ह लावून. आकार तोच, दिशा १८० अंशांनी उलटी. पंचवीसवर मात्र डॉटचा काही परिणाम नाही.

हे सगळं कागदावर. मी उद्यमनगरात वाइंडिंगच्या शेडमध्ये काम करतो, तिथं क्लॅम्प मीटर लावल्यावर ३.२ तंतोतंत कधीच दिसत नाही. खऱ्या ट्रान्सफॉर्मरची सेकंडरी उघडी ठेवली तरी प्रायमरी थोडा करंट घेते, कोअर मॅग्नेटाइझ करायला. आयडियलमध्ये तो शून्य धरलेला असतो. समजा रिकाम्यावर ०.४ अँपिअर दिसले आणि लोडला नेमके १६ अँपिअर जातायत. आमच्याकडचा नवा पोरगा लगेच ३.६ म्हणतो. पण मॅग्नेटाइझिंग करंट प्रायमरीच्या व्होल्टेजच्या जवळजवळ ९० अंश मागे असतो आणि आपल्या लोडचा २६.५७ अंश मागे. फेजर म्हणून मिळवले तर मीटरवर ३.४ च्या आसपास येतं. मीटरवर त्याहून बराच जास्त आकडा आला तर रेशोवर शंका घेण्याआधी आम्ही लोड काढून रिकाम्याचा करंट बघतो. तोच भलता निघाला, तर वाइंडिंगमध्ये टर्न शॉर्ट आहेत का ते तपासतो.