क्लिक स्वस्त, बुकिंग महाग

भाऊ, रावेरच्या केळीरोपांच्या जाहिरातीत क्लिक ६ रुपयांवरून २ वर आला म्हणून पेढे वाटू नकोस. समज, ६,००० रुपयांत आधी १,००० क्लिक अन् २० बुकिंग. बुकिंगमागे ३०० रुपये. आता ३,००० क्लिक, पण बुकिंग ८. म्हणजे ७५० रुपये! स्वस्त क्लिक मागितलेस, तर गेम खेळणाऱ्या पोरांची चुकून लागलेली बोटं मिळाली. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये चलनधोरणाबद्दल हेच म्हटलं: नियंत्रणासाठी आकड्यावर जोर दिला की त्याचं बाकी गोष्टींशी असलेलं जुनं नातं तुटतं. जाहिरात कुठेकुठे दिसली ते सांगणारा प्लेसमेंट रिपोर्ट उघड, गेमची ॲप्स वगळ. मग पक्कं बुकिंग हेच कन्व्हर्जन, म्हणजे जाहिरातीचं खरं फळ, म्हणून नोंदव. बुकिंग फार थोडी असतील तर मिनिटाच्या वरचे फोन मोज. तेही फुगतात, म्हणून दर रविवारी शेठच्या वहीशी ताळा घे.