शीर्षकात विषय सांगा, उत्तर राखून ठेवा

पुरणपोळीच्या व्हिडिओला तुम्ही दिलेलं ‘ही चूक कधीच करू नका!’ हे शीर्षक बदला. कशातली चूक, हेच त्यात कळत नाही. उलट, नुसतं ‘पुरणपोळी रेसिपी’ ठेवलंत तर शेकडो व्हिडिओंत हरवाल.

तुमच्या व्हिडिओचा खरा मुद्दा असा, की पुरण सैल राहिलं म्हणून पोळी फाटते. मग लिहा: ‘पुरणपोळी लाटताना फाटते? कणकेआधी हे तपासा’. अडचण उघड सांगितली, फक्त तिचं कारण राखून ठेवलं. सुरुवातीला एवढं जमलं तरी पुष्कळ आहे.

नवीन मंडळी हमखास चुकतात ते इथे:

- पदार्थाचं नाव शेवटी टाकतात. मोबाइलवर लांब शीर्षक कापलं जातं, म्हणून ते आधी घ्या.
- ‘कधीच फाटणार नाही’ असं वचन देतात. तेवढी खात्री व्हिडिओ देत नाही.
- उत्तर शेवटापर्यंत लांबवतात. पुरणात उलथनं उभं राहतं का, हे पहिल्या अर्ध्या मिनिटातच दाखवा.

आठवड्याने अ‍ॅनालिटिक्स बघा. क्लिक भरपूर, पण पहिल्या तीस सेकंदांतच बरेच जण निघून जात असतील, तर आधी शीर्षक आणि सुरुवात जुळते का ते तपासा.