प्लंबर १४ हजार म्हणतोय. होकाराआधी काय विचारावं?

"जळगावला आमचं जुनं घर आहे. बाथरूमची लोखंडी लाइन गंजली, ती बदलून सीपीव्हीसी टाकायची आहे. प्लंबरने सगळं मिळून १४ हजार सांगितले. हिशोब फोडून मागितला तर प्लंबरभाऊ नाराज होतील का? मागावा का?"

ताई, जरूर मागा, पण काम सुरू व्हायच्या आधी. भिंत फोडल्यावर भाव ठरवण्याची ताकद तुमच्या हातात राहत नाही. "भाऊ, मजुरी किती, सामान किती आणि येण्याचे किती, एवढं कागदावर लिहून द्या," एवढंच म्हणा. यात अविश्वास नाही, नाराज होण्यासारखंही काही नाही.

समजा उत्तर आलं: येण्याचे ३००, मजुरी ५,५००, सामान ८,२००. यातला ताडून पाहता येतो तो सामानाचाच आकडा. त्याच्याकडून पाइपची जाडी, फूट, एल्बो, टी, नळ, सांधे चिकटवायचं सोल्युशन अशी यादी घ्या आणि हार्डवेअरच्या दुकानात दाखवा. छापील किमतीवर जाऊ नका. फिटिंगवर दुकानदार बरीच सूट देतात, म्हणून हातात पडणारा भाव विचारा. तो ६,६०० निघाला, तर १,६०० चा फरक आहे. त्यात त्याची धावपळही आहे, ते सगळे कापायला जाऊ नका. सामान तुम्ही आणा, बिल तुमच्या नावाने घ्या आणि उरलेलं परत घेणार का, तेही दुकानात आधीच विचारा. मग तो मजुरी ५०० ने वाढवून मागेल, ती द्या. एकूण १२,९०० होतील, म्हणजे १,१०० वाचतील. मात्र यादीत एखादी फिटिंग राहिली तर दुकानाची फेरी तुमची, आणि पाइप सदोष निघाला तर त्याची जबाबदारीही तुमच्यावर. घरात धावायला कोणी नसेल, तर सामान त्यालाच आणू द्या, फक्त बिल मागा.

मजुरीत काय धरलंय, हे मात्र खोदून विचारा. पाइपसाठी भिंतीत झिरी तो फोडेल, पण ती बुजवणं आणि टाइल बसवणं बहुतेक वेळा गवंड्याचं काम असतं, आणि तो खर्च १४ हजारांत नसण्याचीच शक्यता जास्त. भिंतीत आणखी सडलेला पाइप निघाला तर वाढीव पॉइंटमागे किती, हेही आत्ताच लिहून घ्या.

येण्याचे ३०० काम दिल्यावर मजुरीतून वजा होतात का? दुसऱ्या फेरीचे वेगळे लागतात का? आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. टाकी रिकामी असली की लाइन तपासता येत नाही आणि त्याला पुन्हा यावं लागतं. म्हणून टाकी भरलेली असेल असाच दिवस ठरवा.

सोल्युशन सुकायला रात्रभर द्या. दुसऱ्या दिवशी लाइन भरून सांधे कोरडे राहतात का, ते झिरी बुजवण्याआधी पाहा. मजुरीतले निदान २,००० त्यानंतरच द्यायचे, हेही त्याच कागदावर लिहा.