अडीच एकर बागेत फार्म स्टे: खोल्या बांधण्याआधी विहीर मोजा

प्रश्न: "आम्ही ठाण्यात राहतो. बदलापूर-मुरबाड पट्ट्यात सासऱ्यांची अडीच एकर बाग आहे. 45 आंबे, 4 जांभळं, थोडी भाजी, 10 फूट व्यासाची विहीर आणि जुनं दोन खोल्यांचं घर. दोन एसी खोल्या आणि लहानसा स्विमिंग पूल बांधून फार्म स्टे सुरू करायचा विचार आहे, 14 लाखांपर्यंत खर्च येईल. करावं का?"

ताई, तुमच्यासारखीच बाग आमचीही आहे, मुरबाडच्या अलीकडे. सहा वर्षं पाहुणे घेतोय, त्या अनुभवावरून लिहिते. खोल्या आणि पूल आत्ता बांधू नका. पहिली दोन वर्षं फक्त दिवसाची सहल ठेवा, सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी सहा. किती माणसं बोलवायची हे घराच्या आकारावरून ठरवू नका, मे महिन्यात विहीर किती पाणी देते त्यावरून ठरवा.

हे मी ठेच खाऊन शिकले. दुसऱ्या वर्षी मे महिन्यात एका सहल आयोजकाने 25 माणसं सांगितली आणि बसमधून 41 उतरली. जेवण पुरलं, आंबे पुरले, पण दुपारी दीड वाजता टाकी संपली. मोटर लावली तर दहा मिनिटांत विहिरीचा तळ दिसला. संडासात पाणी नाही, हात धुवायला पाणी नाही, त्यात लहान मुलं होती. सासूबाईंनी शेजारच्या वाडीतून हंडे आणवले. त्या दिवसानंतर विहीर मोजल्याशिवाय मी तारीख देत नाही.

मोजायचं असं. मेच्या पहिल्या आठवड्यात एका संध्याकाळी मोटर बंद करा. दोरीला दगड बांधून पाण्याच्या पातळीवर खूण करा आणि सकाळी पाणी उपसायच्या आधी पुन्हा मोजा. 10 फूट व्यासाच्या विहिरीत एक फूट पाणी म्हणजे जवळपास 2,200 लिटर. आमची विहीर त्या वेळी रात्रभरात आठ इंच चढते, म्हणजे साधारण 1,500 लिटर. त्यातलं 600 लिटर भाजीच्या ठिबकला जातं. उरतं 900. दिवसभर राहणाऱ्या माणसाला 45 लिटर धरतात, त्या हिशोबाने 20 माणसं होतात. स्वयंपाक आणि भांडी हातची ठेवून मी 16 घेते. दिवसा झिरपणारं पाणी मी हिशोबात धरत नाही, ते अडीअडचणीला.

आता मुक्कामाचं बघा. रात्र काढणाऱ्या माणसाला 135 लिटर धरतात, आंघोळ आली, चादरी-टॉवेल आले. त्याच 900 लिटरात सहाच माणसं बसतात. म्हणजे ज्या महिन्यात आंब्यासाठी सगळ्यांना यायचं असतं, त्याच महिन्यात तुमच्या दोन एसी खोल्या विहिरीला सगळ्यात जड जाणार. आणि पूल? 20 बाय 10 फुटांचा, 4 फूट खोल पूल म्हणजे 22 हजार लिटरहून जास्त पाणी. आमच्या विहिरीचं पंधरा रात्रींचं पाणी एकदाच त्यात जाईल. टँकर मागवून पूल भरणारी शेतं मी पाहिली आहेत. एका-दोन हंगामांत मालकच तो रिकामा ठेवतात.

तेव्हा पैसा घालायचाच तर दोन संडास, एक हात धुवायची जागा आणि बसायला मांडव यावर घाला. शोषखड्डा विहिरीपासून किमान 15 मीटर लांब आणि जमिनीच्या उताराने विहिरीच्या खालच्या अंगाला हवा. हे बांधायच्या आधी बघा, नंतर हलवता येत नाही. आमच्याकडे पहिला खड्डा विहिरीच्या वरच्या अंगाला झाला होता, तो बुजवून दुसरा काढावा लागला. हे सगळं मिळून आमचा दीड लाखाच्या आसपास खर्च झाला होता. चार वर्षांपूर्वीचा भाव आहे.

आता लोक येऊन करणार काय? इथे एक सांगते, घाटावरच्या हुरडा पार्टीची नक्कल करू नका. हुरडा ज्वारीचा, आपल्या मातीत आणि दमट हवेत तो बेत जमत नाही. आपल्याकडे मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगांची पोपटी आहे, आणि ती ठाणे, नवी मुंबई, रायगडच्या माणसाला आपलीशी वाटते. घणसोली, ऐरोलीची आगरी कुटुंबं तर आमच्याकडे जानेवारीत केवळ पोपटीसाठी येतात, कारण आता त्यांच्या गावात शेतच उरलं नाही.

पोपटीसाठी भात कापल्यावर, नोव्हेंबरात, उरलेल्या ओलीवर वाल टाका. जानेवारीत शेंगा भरतात. भांबुर्डीचा पाला बांधावर आपोआप येतो, तो ताजाच हवा, त्याचाच वास शेंगांना लागतो. मडक्याच्या तळाला पाला, त्यावर मीठ आणि ओवा चोळलेल्या शेंगा, मध्ये बटाटे, रताळी, अंडी, कोणाला हवं असेल तर मसाला लावून केळीच्या पानात बांधलेलं चिकन, वर परत शेंगा, आणि तोंडाशी पाला अगदी दाबून. पाणी थेंबभरही घालायचं नाही, शेंगांच्या आणि पाल्याच्या ओलीवर सगळं शिजतं. मडकं जमिनीवर पालथं घालून भोवती पेंढा, काटक्या आणि गोवऱ्यांचा जाळ करायचा. साधारण तीस-चाळीस मिनिटं लागतात. झालं की नाही हे बघायला वर असलेल्या मडक्याच्या बुडावर चार थेंब पाणी शिंपडा. चर्र करून लगेच उडालं तर झालं, थेंब रेंगाळला तर अजून थोडा जाळ. पाला सैल भरला तर वाफ निसटते, वरच्या शेंगा करपतात आणि आतल्या कच्च्या राहतात. पहिल्या दोन पोपट्या घरच्या माणसांवर करून बघा, पाहुण्यांवर नको. आणि जाळाच्या चहूबाजूंनी दहा-पंधरा फूट गवत कापून, जमीन उघडी करून घ्या. त्या दिवसांत गवत वाळलेलं असतं, एका ठिणगीने वणवा लागू शकतो. पाण्याचा पिंप शेजारी भरलेला ठेवा. शिवाय जानेवारीत विहिरीला पाणी असतं, म्हणून मी तेव्हा 25 माणसं बिनधास्त घेते.

मेमधला दिवस वेगळा असतो. लोकांना आंबा हाताने काढायचा असतो. सगळ्यांना झाडाखाली सोडू नका. आंबे काढायचे दोन झेले, म्हणजे टोकाला जाळी असलेल्या काठ्या ठेवा, एका वेळी दोनच माणसं, सोबत घरचं कोणीतरी. आंबा देठासकट काढायचा, चार-पाच सेंटीमीटर देठ राहू द्यायचा, हे आधी दाखवा. देठ तुटला की चीक उडतो. आमच्याकडे एका मुलीच्या गालावर उडाला आणि दोन दिवस डाग राहिला. फळावर पडला तर सालीला काळा चट्टा येतो, ते फळ टिकत नाही. जांभळाच्या झाडावर तर कोणालाच चढू देऊ नका, मोठ्यालाही. फांदी वरून मजबूत दिसते आणि आवाज न करता मोडते. खाली जुनं सुती कापड धरून बांबूने हलवा, लहान मुलांना त्यातच जास्त मजा येते. बदलापूरच्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, तेव्हा जूनच्या सुरुवातीचे दोन-तीन रविवार केवळ जांभळासाठी ठेवता येतील, पाऊस लागेपर्यंत.

एक गोष्ट मनावर घ्या. पाहुणा झाडावरचं फळ पुसून तोंडात घालतो, वांगं-टोमॅटो मुलं कच्चंच चावतात. औषधाच्या डब्यावर फवारणी आणि काढणी यांत किती दिवस ठेवायचे ते लिहिलेलं असतं. ते दिवस भरल्याशिवाय त्या झाडांजवळ कोणाला नेऊ नका. आम्ही फवारणीची तारीख खडूने झाडाच्या बुंध्यापाशी पाटीवर लिहितो आणि काकडी-टोमॅटोचा एक वाफा पूर्ण बिनफवारणीचा ठेवतो. मुलांना तिथेच नेतो.

जुलै-ऑगस्ट आम्ही बंद ठेवतो. चिखलात गाड्या रुततात, आणि लोक ओढ्या-धबधब्यावर जायचा हट्ट धरतात. ती जबाबदारी कोणी घेऊ नये.

पैशाचं सरळ सांगते. माणशी 850 रुपये घेतो, त्यात चहा-नाश्ता, तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, भाजी, आमरस किंवा सुकट असं जेवण, आणि दुपारचं सरबत. 16 माणसांचे 13,600. जेवणाला माणशी 180 प्रमाणे 2,880, मदतीला येणाऱ्या वाडीतल्या दोन बाया आणि एक मुलगा यांचे 1,500, गॅस-दूध-साफसफाई 700. हाती साडेआठ हजारांच्या आसपास राहतात. वर्षात आमचे असे पंधरा रविवार होतात, डिसेंबर ते फेब्रुवारी दहा आणि मेचे पाच. म्हणजे सव्वा लाखाच्या आसपास. आता तुमचे 14 लाख या आकड्यापुढे ठेवून बघा, फिटायला अकरा वर्षं लागतील. थंडीत 25 माणसं आली तर थोडे जास्त मिळतात, आणि लोक जाताना आंबे, वाल, पापड विकत नेतात ते वेगळं. त्याची वही वेगळीच ठेवा. स्वतःच्या शेतातल्या फळांची विक्री हे शेतीचं उत्पन्न, पण पाहुण्यांकडून घेतलेले पैसे हे धंद्याचं उत्पन्न, त्यावर कर लागू शकतो. दोन्ही एकाच वहीत लिहिलं तर नंतर सोडवताना जीव जातो.

कागदांत फार अडकू नका, पण दोन कामं करा. राज्याचं कृषी पर्यटन धोरण 2020 मध्ये आलं, त्याखाली पर्यटन संचालनालयाकडे केंद्राची नोंदणी होते. सातबारा सासऱ्यांच्या नावावर असेल तर अर्जही त्यांच्याच नावाने करणं सोपं पडेल. दुसरं, जेवण देणार म्हणून अन्न सुरक्षेची नोंदणी, ती foscos.fssai.gov.in वर होते. पुढे कधी खोल्या बांधायच्या ठरल्याच, तर आधी तुमचा सर्व्हे नंबर कोणत्या नियोजन प्राधिकरणात येतो ते विचारा. बदलापूर पट्ट्यात शेजारच्या दोन गावांचं उत्तर वेगळं निघू शकतं.

जुनं घर पाडू नका. दोन्ही खोल्या सारवून, स्वच्छ करून दुपारी पडायला ठेवा. आमच्याकडे म्हातारी माणसं जेवून तिथेच आडवी होतात, आणि पुढच्या वर्षीची तारीख बहुतेक तीच मागतात.

तुमची विहीर मेमध्ये किती इंच चढते आणि भाजीला रोज किती पाणी जातं, एवढं मोजून इथे टाका. माणसांचा आकडा आपण मिळून काढू.